डबीचं वय सांगणारी गुलाबी पाकळी

तळहातावर मावेल अशी गोल डबी, व्यास चार इंचांच्या आसपास. झाकणावर फिरोजी रंगात एक मोठं फुललेलं पिओनीचं फूल, भोवती हिरवी पानं आणि या सगळ्याच्या कडेकडेने फिरणारी सोनेरी तारेची नक्षी. दादरच्या एका घरातल्या काचेच्या कपाटात ती वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे. घरातल्या काकूंच्या सासऱ्यांनी ती हाँगकाँगहून आणली होती. तळाशी सहा चिनी अक्षरं आहेत. कुणीतरी जाणकाराने काकूंना त्यांचा अर्थ सांगितला होता : ‘महान मिंग, जिंगताय राजवटीत बनवलेली’. जिंगताय सम्राटाचा काळ १४५० ते १४५७. “म्हणजे पाचशे वर्षांहून जुनी की हो!” काकू म्हणाल्या.

ती तशी नाही. हे ठरवायला अक्षरं वाचता यावी लागत नाहीत, की प्रयोगशाळेत जावं लागत नाही. झाकणावरच्या फुलाची एक पाकळी पुरते.

आधी ही वस्तू बनते कशी ते पाहू, कारण वयाच्या सगळ्या खुणा त्या कृतीतच आहेत. या कामाला क्लॉइझोने म्हणतात. तांब्याचं भांडं ठोकून किंवा कांशाचं ओतून तयार करायचं. मग चपटी, बारीक तार चिमट्याने वाकवून नक्षीच्या रेषेवर उभी बसवायची. ती जागेवर राहावी म्हणून एका कंदाचा चिकट खळ लावतात, वर डाखाची पूड भुरभुरतात आणि भांडं भट्टीत घालतात. खळ जळून जातो, डाख वितळतो आणि तार तांब्याला पक्की धरते. आता भांड्यावर तारेची लहान लहान कुंपणं तयार झालेली असतात. रंगीत काचेची ओली पूड, म्हणजेच मिना, त्या प्रत्येक कुंपणात भरायची आणि साधारण ८०० अंश सेल्सिअसला भाजायचं. पूड वितळली की खाली बसते आणि कुंपण अर्धवट रिकामं होतं. म्हणून पुन्हा भरायचं, पुन्हा भाजायचं, असं तीन-चार वेळा. शेवटी दगडाने आणि कोळशाने घासून तार आणि काच एका पातळीवर आणायची आणि उघड्या तारेवर सोन्याचा मुलामा चढवायचा.

आपल्याकडचं जयपूरचं मीनाकाम दिसायला याचा भाऊ, पण त्याची रीत वेगळी. तिथे धातूच कोरून खोलगट घरं करतात, तार बसवत नाहीत. एखाद्या डबीवर ‘तार’ दिसते ती खरोखर तार आहे की कोरल्यावर उरलेला धातूचा कंगोरा, हे भिंगातून पहिल्यांदा पाहावं. कंगोऱ्याची जाडी जागोजागी बदलते आणि तो खालच्या धातूतूनच वर आलेला असतो. तार मात्र पट्टीसारखी वळत जाते आणि तिची टोकं कुठे ना कुठे दिसतात.

चीनमध्ये ही कला पश्चिमेकडून आली. १३८८ सालच्या एका चिनी ग्रंथात तिचा उल्लेख आहे, आणि तोही नाक मुरडून : हे भडक भांडं बायकांच्या दालनात ठीक, विद्वानांच्या अभ्यासिकेत नको. पुढे राजदरबारानेच ती उचलून धरली. ज्यांच्या काळाबद्दल शंका नाही अशा चिनी वस्तू शुआनद सम्राटाच्या, म्हणजे १४२६ ते १४३५ च्या आहेत. पण लौकिक मिळाला जिंगतायला. इतका, की चिनी भाषेत या कामाचं नावच त्याच्या नावावरून पडलं. आणि नाव मोठं झालं की शिक्का विकला जातो. अठराव्या शतकातले, एकोणिसाव्या शतकातले आणि विसाव्या शतकातलेही कारागीर तळाशी बिनदिक्कत जिंगतायची अक्षरं घालत. प्रत्येक वेळी त्यात फसवणूकच होती असं मी म्हणणार नाही. थोर काळाला केलेला तो नमस्कारही असू शकतो. काही खऱ्या मिंगकालीन भांड्यांनाही नंतरच्या कारागिरांनी नवा तळ जोडला आणि त्यावर जिंगतायचं नाव घातलं. म्हणजे भांडं खरं, तळ नंतरचा, असाही प्रकार सापडतो. तेव्हा अक्षरांची साक्ष सगळ्यात शेवटी घ्यावी. मी तर ती घेतच नाही.

आता पाकळी. काकूंच्या डबीवरचं फूल गुलाबी आहे आणि तो गुलाबी एकसंध, दुधाळ आहे. पाकळीच्या टोकाशी गडद, देठाकडे फिका होत जाणारा. हा रंग सोन्यापासून होतो. सोनं आम्लात विरघळवून त्याचे अतिसूक्ष्म कण काचेत आणले की काच गुलाबी होते. ही युक्ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पक्की झाली आणि पेकिंगच्या दरबारात ती पोचली १७२० च्या आसपास. त्या दरबारातल्या जेझुइट पाद्र्यांचा त्यात हात होता. चिनी मातीच्या भांड्यांवर पुढे गुलाबी फुलांची जी लाट आली ती याच रंगामुळे.

मग मिंग काळात गुलाबी नव्हताच का? होता, पण वेगळा. कारागिराकडे लाल होता, पांढरा होता. दोन्हींची पूड एकत्र करून तो कुंपणात भरायचा. भाजल्यावर कण आपापल्या रंगाचेच राहत. लांबून फूल गुलाबीसर दिसे, जवळून भिंग लावलं तर तिखटमीठ कालवल्यासारखे लाल आणि पांढरे ठिपके शेजारी शेजारी. तेव्हा जुन्या मिंग पेटीवर गुलाबी दिसला तर भिंग काढावं. ठिपके दिसले तर पुढे बघण्यात अर्थ आहे. ठिपके नसून सलग गुलाबी असेल, तर त्या कुंपणातली काच १७२० च्या आधीची असू शकत नाही. मग तळाशी कोणाचंही नाव असो.

सगळ्या परीक्षेचं मर्म इथेच आहे. रंग, तार, मुलामा यांतली कुठलीही खूण वस्तू ‘अमुक काळाची आहे’ असं सांगत नाही. ती एवढंच सांगते, की वस्तू ‘अमुक काळाच्या आधीची नाही’. जुनी रीत नंतरचा कारागीर हवी तेव्हा वापरू शकतो, पण शोधच न लागलेला रंग आधीच्या कारागिराला मिळू शकत नाही. म्हणून वस्तूवरची सगळ्यात नवी गोष्ट शोधायची. वयाची वरची मर्यादा ती ठरवते. बाजारात नेमकं याच्या उलट चालतं. लोक सगळ्यात जुनी दिसणारी खूण शोधतात आणि तिच्यावर किंमत लावतात.

डबीची तारही हेच सांगते. जुन्या मिंग कामातली तार ठोकून काढलेली असे, म्हणून तिची जाडी थोड्या थोड्या अंतरावर बदलते. कित्येकदा तिच्या मधोमध लांबीच्या दिशेने बारीक चीर गेलेली दिसते, जणू एका तारेच्या दोन झाल्या आहेत. वळणावर ती जरा अडखळते. पुढच्या काळात छिद्रातून ओढून काढलेली तांब्याची तार सर्रास आली. तिची जाडी शेवटपर्यंत सारखी राहते आणि वळणं सफाईदार येतात. काकूंच्या झाकणावरची तार केसासारखी बारीक, एकसारखी आहे. पार्श्वभूमीवर फुलाच्या मधल्या मोकळ्या जागेत तारेची शेकडो छोटी वेटोळी बसवली आहेत, ढगांच्या आकाराची, एकाशेजारी एक, कंटाळा न करता.

ही वेटोळी नुसती शोभेची नाहीत. मोठ्या मोकळ्या जागेत काच नीट बसत नाही. थंड होताना काच आणि तांबं वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि काचेला तडे जातात. तार ती जागा लहान लहान तुकड्यांत वाटून देते. मिंग कारागीरही हेच करत, पण ते वेली फिरवत. कमळाचा देठ वळत वळत जाई आणि मोकळी जागा आपोआप भरून निघे, त्यामुळे तार चित्राचाच भाग वाटते. सगळीकडे सारख्याच ढगांची भरती हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या आणि विसाव्या शतकातल्या कारखान्यांतल्या मालावर फार दिसतं. हे काम वाईट म्हणता येत नाही. पण ते चित्रकाराचं नाही, रोजंदारीवर वेटोळी लावणाऱ्या हातांचं आहे.

आता या विषयातला माझा आवडता भाग : टवका. विक्रेत्यासाठी टवका म्हणजे किमतीतली घट. बघणाऱ्यासाठी ती उघडी खिडकी आहे, कारण काचेखालचं सगळं तिथे दिसतं.

काकूंच्या डबीच्या तळकाठाशी मसुराच्या दाण्याएवढा टवका उडाला आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन, बाजूने बॅटरीचा झोत पाडून पाहिलं तर तीन गोष्टी दिसतात. पहिली, काचेच्या कडेवर थर दिसतात. खालचा थर किंचित गढूळ, त्यावर दुसरा, वर तिसरा, आणि थरांच्या सांध्यावर बारीक बुडबुड्यांची ओळ. भरणं-भाजणं तीनदा झाल्याची ही खूण. म्हणजे काच खरी आहे, राळ किंवा रंग नाही. दुसरी, काचेची जाडी. इथे ती एक मिलिमीटरही नाही. जुन्या जड भांड्यांवर काच चांगली जाड असते. तिसरी, तार. काच उडाली तरी टवक्यातून जाणारी तार जागेवर उभी आहे, तिच्या पायाशी डाखाची फिकट रेघ आहे. तार डाखाने जोडलेली असली की ती अशी तग धरते. जपानी कामात तार सहसा खळाने चिकटवून पुढे काचेच्याच भरवशावर ठेवत, त्यामुळे तिथे काच पडली की तारही बरोबर जाते किंवा लोंबकळते. हा वयाचा पुरावा नव्हे, देशाचा आहे, पण कामाचा आहे.

टवक्यातलं तांबं कसं आहे तेही पाहायचं. ताज्या टवक्यातलं तांबं चकचकीत तांबूस असतं, काचेच्या कडा बोटाला लागतील अशा धारदार असतात. जुन्या टवक्यातलं तांबं काळपट होतं, कोपऱ्यात हिरवट कळंक धरतं, कडा हाताळून हाताळून बोथट होतात. काकूंच्या डबीतलं तांबं काळपट आहे, म्हणजे टवका कालपरवाचा नाही. पण याचा अर्थ डबी फार जुनी, असा घ्यायचा नाही. चाळीस वर्षांत तांबं भरपूर काळं पडतं. आणि मुद्दाम जुनी केलेली वस्तूही बाजारात येते. तिथे सगळे टवके एकाच वयाचे असतात, सगळ्यांत सारखाच तपकिरी मळ भरलेला असतो आणि जिथे हात लागणारच नाही अशा जागीही झीज दिसते. खरी डबी झिजते ती झाकणाच्या ओठावर, तळाच्या कडेवर, उघडताना अंगठा बसतो तिथे.

टवक्याच्या शेजारीच काठाला एक लहानसा पोचा आहे आणि त्यातून काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पसरल्या आहेत. याचा अर्थ तांब्याचा पत्रा पातळ आहे. सुरुवातीच्या मिंग वस्तू पुष्कळदा ओतलेल्या, जाड आणि जड असत. त्यांना असा पोचा सहजी येत नाही. पातळ पत्र्याला आतून काच लावावी लागते, नाहीतर एकाच बाजूच्या ताणाने पत्रा वाकतो. डबीचं आतलं अंग म्हणूनच आकाशी निळ्या काचेचं आहे. असा निळा आतला थर आणि निळा तळ आधुनिक चिनी मालात नेहमीचा.

पृष्ठभागावरच्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांबद्दल पुष्कळ दंतकथा आहेत. भाजताना काचेत हवा अडकते, घासताना बुडबुडा उघडा पडतो आणि खळगा राहतो. मिंग वस्तूंवर असे खळगे खूप असतात. कारागीर ते रंगीत मेणाने बुजवत, आणि शतकांनंतर मेण गळून खळगा पुन्हा दिसू लागतो. म्हणून ‘खळगे म्हणजे जुनं’ असं समीकरण रूढ झालं. पण घाईने भाजलेल्या स्वस्त मालावरही खळगे येतातच. उलटपक्षी, अगदी आरशासारख्या गुळगुळीत अंगाची, एकही खळगा नसलेली ‘मिंग’ डबी कोणी पुढे केली तर संशय घ्यावा.

काकूंच्या झाकणावर मला आणखी एक गोष्ट दिसली, जी त्यांना माहीत नव्हती. एका पानाचा हिरवा शेजारच्या पानांपेक्षा जरासा मंद होता. भिंगातून पाहिलं तर त्या पानाच्या कडेची तार खरी तार नव्हतीच, सोनेरी रंगाने ओढलेली रेघ होती. कधीतरी तिथे मोठा टवका उडाला होता आणि कुणीतरी तो राळेने भरून, रंगवून, वर तार चितारली होती. हे ओळखायला काही सोपे उपाय आहेत. खरी काच गालाला लावली तर गार लागते, राळ तितकी गार लागत नाही. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली राळ सहसा वेगळीच चमकते. तापलेली सुई टोचून पाहण्याचा एक जुना सल्ला आहे. तो कृपा करून पाळू नका. राळ असेल तर भोक पडेल आणि डागडुजी आणखी बिघडेल.

मुलाम्याबद्दल थोडक्यात. जुना मुलामा पाऱ्यात सोनं कालवून, तापवून पारा उडवून द्यायचा, असा असे. तो जाडसर बसतो. विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याची रीत व्यवसायात आली ती १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये, चीनमध्ये त्यानंतर. तो पातळ, एकसारखा, जरा कोरडा चमकतो आणि कडांवरून लवकर जातो. डोळ्यांनी या दोहोंत फरक करणं नेहमीच जमत नाही, म्हणून मी या खुणेला दुय्यम मानतो. काकूंच्या डबीवर मुलामा कडांवर पार गेलेला आहे आणि आत सगळीकडे सारखा आहे, एवढीच नोंद पुरे.

फुलदाणी हातात आली तर आधी जपान आणि चीन वेगळे करावे लागतात. नागोयाजवळच्या काजी त्सुनेकिची या सामुराईने १८३० च्या दशकात डच व्यापाऱ्यांमार्फत आलेलं एक भांडं सुटं करून ही विद्या जपानमध्ये नव्याने उभी केली. सुरुवातीची जपानी काच मंद, काळपट हिरवी आणि सच्छिद्र होती. मग १८७० च्या दशकात गॉटफ्रीड वागेनर या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या मदतीने रंग उजळले. क्योतोच्या नामिकावा यासुयुकीने आरशासारखी काळी पार्श्वभूमी साधली, तीही एकही तार न घालता मोठ्या मोकळ्या जागेत. टोकियोच्या नामिकावा सोसुकेने तर भाजण्याआधी तारच काढून घेण्याची किमया केली आणि काचेची चित्रं जलरंगासारखी दिसू लागली. तेव्हा फुलदाणी हलकी असेल, मोठी जागा तारेवाचून मोकळी असेल किंवा काचेत सोनेरी चमचमते कण विखुरलेले असतील, तर मिंग-चिंग विसरून जपान आणि १८७० नंतरचा काळ धरावा. मुंबईच्या मटण स्ट्रीटवर ‘जुनी चायना’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक छोट्या फुलदाण्या या जपानी निर्यातमालातल्या असतात. यात कमीपणा काही नाही. चांगल्या जपानी कामाला चिनी मालापेक्षा जास्त किंमत मिळते.

तळावर इंग्रजीत नुसतं ‘चायना’ असेल तर तीही उपयोगाची खूण आहे. १८९० च्या अमेरिकन कायद्यानुसार १८९१ पासून तिथे येणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं झालं. शिक्का असेल तर वस्तू त्याआधीची नाही. शिक्का नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण सगळा माल अमेरिकेला जात नव्हता आणि कागदी चिठ्ठ्या पडून जातात.

काकूंच्या डबीचा हिशेब असा लागतो : सोन्याचा गुलाबी, म्हणून १७२० नंतर. ओढलेली बारीक तार आणि ढगांची भरती, पातळ पत्रा, आतून निळी काच, एकसारखा मुलामा. हे सगळं एकत्र पाहिलं की साधारण १८९० ते १९३० या काळातलं पेकिंगच्या एखाद्या कारखान्याचं निर्यातकाम ठरतं. हाँगकाँगच्या बाजारात तेव्हा असा माल भरपूर होता, त्यामुळे सासऱ्यांची गोष्टही खरी बसते. मात्र अठराव्या शतकातल्या दरबारी वस्तूची हुबेहूब नक्कल समोर आली, तर भिंग अपुरं पडतं. तिथे क्ष-किरणांनी काचेतली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र लागतं. काच न खरवडता ते क्रोमियम किंवा कॅडमियमसारखी नंतरच्या काळातली द्रव्यं दाखवतं.

घरात अशी डबी असेल तर ती चिंचेने, लिंबाने किंवा पितळेची भांडी घासायच्या पुडीने कधीही साफ करू नका. आम्ल काचेची चमक मारतं आणि पूड उरलासुरला मुलामा काढून टाकते. मऊ कोरडा कपडा पुरे आहे. आणि टवका उडाला तर तुकडा फेकू नका, कागदात गुंडाळून डबीतच ठेवा.